बाळ गेल्यानंतरची स्वप्नं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भपात झाला किंवा बाळ पोटातच गेलं, की दिवसा बऱ्याच जणी सावरल्यासारख्या दिसतात. स्वयंपाक होतो, भेटायला येणाऱ्यांना चहा होतो. पहाटे तीन-चार वाजता काय होतं ते मात्र कुणाला कळत नाही. नागपुरात समुपदेशन करताना हे प्रश्न मला वरचेवर विचारले जातात. बहुतेक वेळा ते सगळं बोलणं संपल्यावर, चपला घालता घालता विचारले जातात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. गर्भपात हा शब्द या पानावर आपोआप झालेल्या गर्भपातासाठी वापरला आहे.

स्वप्नात मी रोज बाळाला शोधत असते. कधी इतवारीच्या गर्दीत विसरून येते, कधी ऑटोत राहून जातं. माझं डोकं फिरलंय का?

नाही. बाळ गेल्यानंतर बायका जी स्वप्नं सांगतात, त्यांत हे शोधण्याचं स्वप्न मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. जागा बदलते. कुणाचं बाळ सीताबर्डीच्या दुकानात काउंटरवर राहतं, कुणाचं माहेरच्या पाळण्यात, कुणाचं दवाखान्याच्या वॉर्डात. रडणं ऐकू येतं आणि वाट सापडत नाही, एवढं मात्र सगळ्यांत सारखं असतं. काही जणी अर्धवट झोपेत उठून गोधडी चाचपतात, उशी उचलून बघतात.

हे चाचपणं जिवंत बाळांच्या आयाही करतात. कॅनडात मॉन्ट्रियल इथल्या टोरे नील्सन आणि टायना पॅकेट या संशोधकांनी 2007 मध्ये गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या स्वप्नांवर अभ्यास प्रसिद्ध केला. बाळ अंथरुणात कुठेतरी दबलंय असं स्वप्न पडणं आणि त्या भरात हाताने शोधणं, हे त्यात नव्या आयांमध्ये सर्रास आढळलं. त्या आयांना डोळे उघडल्यावर शेजारी बाळ दिसतं आणि त्या पुन्हा झोपतात. तुमच्या शेजारी बाळ नसतं. बाळाला जपण्याची जी तयारी गरोदरपणात मनात आणि शरीरात झाली, ती बाळ गेल्याच्या दिवशी बंद होत नाही. झोपेत ती तिचं काम करत राहते.

पहाटेच का जाग येते? रात्री झोप लागते, पण साडेतीन-चारला दचकून उठते.

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो, ज्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात आणि सगळ्यात ठळक, कथेसारखी स्वप्नं पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे तो लांबत जातो. त्यामुळे लांब स्वप्नं पहाटेची असतात.

स्वप्न लक्षात राहायला मात्र मध्येच जाग यावी लागते, आणि बाळ गेल्यानंतरच्या दिवसांत जाग आणणाऱ्या गोष्टी भरपूर असतात. बाळंतपणानंतर वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक काही दिवसांत झपाट्याने खाली येतं. गरोदरपणात ते झोपेला थोडी मदत करत असतं, तो आधार एकदम जातो. रात्री घाम सुटतो, रक्तस्राव चालू असतो, टाके दुखतात, छाती भरून येते. तुम्हाला स्वप्नं जास्त पडतात असं वाटतं. त्यातला काही भाग असा असतो, की पूर्वी विसरली जाणारी स्वप्नं आता अर्ध्यावर तुटल्यामुळे लक्षात राहतात.

बाळ नाही, तरी दूध आलंय. ब्लाउज ओला होतो आणि त्याच वेळी स्वप्न पडतं. असं कसं?

साधारण सोळा आठवड्यांनंतर गर्भ गेला तरी दूध येऊ शकतं. वार बाहेर पडली की शरीराच्या हिशेबी बाळंतपण झालं. दोन-चार दिवसांत छाती दाटते, आणि बाळ दूध पितंय असं स्वप्न त्याच रात्री पडतं. छातीचा ताण झोपेत जाणवतो आणि मन त्याला बाळ जोडतं. बाळ परत आल्याची ती खूण नाही. अशा वेळी शरीराचा त्रास आधी कमी केला, की स्वप्नाचा जोरही अनेकींना कमी वाटतो.

आधार देणारी, पण आवळून न बसणारी ब्रा घाला. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. फारच दाटलं तर ताण हलका होईल इतकंच दूध काढा, पूर्ण रिकामं करू नका. पूर्ण काढलं की शरीर आणखी बनवतं. घट्ट कापड बांधायचा जुना सल्ला मिळेल, पण त्याने गाठी होऊन दुखणं वाढू शकतं. दूध थांबवायला कॅबरगोलीन ही गोळी असते. ती डॉक्टरांनीच द्यायची, कारण गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असेल तर ती टाळतात. एखादी जागा लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळ्यांमुळे भयानक स्वप्नं पडू शकतात का?

पडू शकतात, आणि हे फार कमी वेळा विचारलं जातं. रक्तदाबासाठी गरोदरपणात मिथिलडोपा दिली जाते. वाईट स्वप्नं आणि उदासी हे तिचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. म्हणूनच बाळंतपणानंतर दोन दिवसांच्या आत ती बंद करून दुसरं औषध द्यावं असं ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बाळ गेल्याच्या धांदलीत जुनी चिठ्ठी तशीच चालू राहते. छातीच्या धडधडीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलनेही स्वप्नं बिघडतात. उदासीवरची काही औषधं सुरू करताना, आणि विशेषतः एकदम सोडल्यावर, स्वप्नं फार ठळक होतात. मनाने गोळी बंद करू नका. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि स्वप्नं कधीपासून सुरू झाली ते सांगा.

स्वप्नात बाळ असतं, पण त्याला चेहराच नसतो. मी त्याला पाहिलं नव्हतं.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते. आपल्याकडे मृत बाळ आईला न दाखवण्याची पद्धत घट्ट आहे. "पाहू नको, जीवाला लागेल," असं म्हणून घरातली मोठी माणसं गुंडाळलेलं बाळ घेऊन जातात. तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. तिथे बाप, काका, मामा जातात आणि आई पलंगावर असते. कधी ती सिझेरियनच्या गुंगीत असते, कधी झटक्याच्या औषधाखाली. शुद्धीवर येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. पुढे कुणी विषय काढत नाही आणि तिलाही विचारायचा धीर होत नाही.

मग मनाजवळ बाळाविषयी फारच कमी ऐवज उरतो. पोटातल्या लाथा, सोनोग्राफीतली करडी आकृती, आणि नंतर एकदम काहीच नाही. चेहरा नसलेलं बाळ, रिकामं फडकं, बंद दार, अशी स्वप्नं मी ज्यांच्याकडून ऐकते त्यांतल्या अनेकींना काही साधे प्रश्न पडलेले असतात. मुलगा होता की मुलगी? केस होते का? कशात गुंडाळलं? कुठे ठेवलं? माझं मत असं, की शोधण्याच्या स्वप्नावर पहिला उपाय म्हणजे या प्रश्नांची दिवसाउजेडी मिळालेली उत्तरं. स्वप्नाचा अर्थ लावत बसणं त्यानंतर, किंवा मुळीच नाही.

पाहायला हवं होतं का, यावर संशोधन दोन्हीकडे झुकतं. 2002 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात बाळाला पाहिलेल्या, कवेत घेतलेल्या आयांना पुढच्या गरोदरपणात जास्त त्रास झालेला दिसला. स्वीडनसारख्या ठिकाणच्या अभ्यासांत बहुसंख्य आयांना पाहिल्याचं समाधान होतं. या सगळ्यातून मी इतकंच घेते की विचारावं सगळ्यांना, जबरदस्ती कुणावरही करू नये. तुम्हाला कुणी विचारलंच नसेल तर तो निर्णय तुमचा नव्हता. आता त्याचा दोष स्वतःला लावण्यात अर्थ नाही.

उत्तरं मिळवायची म्हणजे नेमकं काय करायचं? एखादं उदाहरण सांगा.

चार-पाच जणींच्या हकिगती मिसळून एक बाई डोळ्यांसमोर आणू. वय अठ्ठावीस, राहणार हिंगणा रोडकडे. चौतिसाव्या आठवड्यात रक्तदाब वाढला, वार आतून सुटली, बाळ गेलं. सिझेरियन झालं, ती दोन दिवस गुंगीत होती. बाळ नवरा आणि दीर घेऊन गेले. तिसऱ्या आठवड्यात ती आली तेव्हा आठवड्यातल्या चार-पाच रात्री तेच स्वप्न पडत होतं. वॉर्डाचा लांब व्हरांडा, भिंतीला लोखंडी कपाटं. प्रत्येक कपाटातून रडण्याचा आवाज येतो. ती एकेक उघडते आणि शेवटच्यात नुसतं पांढरं फडकं असतं. जाग येते तेव्हा पावणेचार झालेले असतात आणि छाती दुखत असते. सासू शेजारच्या खोलीतून विचारते, "काऊन रडून राहिली बाई?" आणि ती म्हणते, "काही नाही, पोट दुखते."

पहिल्या भेटीत स्वप्नाला हात लावला नाही. गोळ्या पाहिल्या तर मिथिलडोपा चालूच होती. ती तिच्या डॉक्टरांनी बदलली. रक्तदाबामुळे कॅबरगोलीन नको म्हणाले, म्हणून थंड पट्ट्यांवर भागवलं. ती रात्री नऊलाच अंथरुणाला पाठ टेकायची आणि सकाळी आठपर्यंत पडून राहायची. त्यात तासन् तास डोळे उघडेच असायचे. झोप आल्यावरच, साडेदहाच्या सुमारास पडायचं आणि उठायची वेळ रोज सहा, असं ठरलं. पहाटे जाग आली आणि पुन्हा झोप येईना, तर खोलीबाहेर मंद दिव्यात बसायचं, मोबाइल हातात घ्यायचा नाही.

दुसऱ्या भेटीला नवरा सोबत होता. तिने घरी लिहून आणलेले प्रश्न त्याच्यासमोर वाचले. तो बराच वेळ खाली बघत होता. मग त्याने सांगितलं. मुलगा होता. केस दाट होते, कपाळावर आलेले. डाव्या गालावर थोडं काळंनिळं होतं, म्हणून तिला दाखवायचं नाही असं त्यानेच ठरवलं होतं. तिच्या आईने आणलेल्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. कडुनिंबाखाली जागा होती, वर मीठ आणि फुलं घातली होती. ती रडली, तोही पहिल्यांदा तिच्यासमोर रडला. बाहेर पडताना तिने विचारलं, "केस तुमच्यासारखे होते का?"

तिसऱ्या भेटीपासून स्वप्नावर काम झालं. या पद्धतीत वाईट स्वप्न जागेपणी बदलून त्याची मनात उजळणी करतात. अमेरिकेत बॅरी क्राको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर तिची चाचणी घेऊन 2001 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर ती आज नेहमी वापरली जाते. आधी स्वप्न वर्तमानकाळात लिहायचं, पानभर पुरे. मग ते हवं तसं बदलायचं. शेवट गोड करायची सक्ती नसते, बदल स्वतःला पटेल असा असला म्हणजे झालं. तिने लिहिलं: शेवटच्या कपाटात फडकं नाही, आईच्या लुगड्याचा तुकडा आहे आणि त्यात तो आहे, दाट केसांचा. तो रडत नाही. मी बाकावर बसते, त्याला मांडीवर घेते. माझी वारलेली आजी येते, मी त्याला तिच्याकडे देते. हे नवीन स्वप्न रोज दुपारी दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून बघायचं. झोपायच्या तोंडावर नाही. जुनं स्वप्न पुन्हा पुन्हा उगाळायचं नाही, उजळणी नव्याचीच करायची.

पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही. उलट एका रात्री स्वप्न जास्तच भयाण झालं आणि तिला हे सोडून द्यावंसं वाटलं. पुढे व्हरांडा तोच राहिला, पण कपाटं कमी झाली. महिन्याभरात ते स्वप्न आठवड्यातून एकदा, कधी तेही नाही, इतकं उतरलं. स्वप्नात आजी मात्र कधीच आली नाही. पहिली पाळी आली तेव्हा ते दोन-तीन रात्री जोरात परतलं आणि पुन्हा मागे गेलं. या पद्धतीकडून इतकीच अपेक्षा ठेवा. स्वप्न लिहितानाच हात-पाय थरथरत असतील, आपण परत त्याच टेबलावर आहोत असं वाटत असेल, तर एकट्याने करू नका. तिथे आघातावर काम करणारा प्रशिक्षित माणूस लागतो.

मला छान स्वप्न पडतं. बाळ हसतं, मांडीवर असतं. उठल्यावर मात्र जीव नको होतो. हे स्वप्न थांबवावं का?

तुम्हाला नको असेल तरच. अनेक जणींना ती बाळाशी भेटीची एकमेव वेळ वाटते आणि त्या लवकर झोपायला जातात. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय दुःख सरत नाही, असं पूर्वी मानत. 1996 च्या सुमारास डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी या समजाला उघड आव्हान दिलं. नातं वेगळ्या रूपात चालू राहणं हे स्वाभाविक असू शकतं, असं त्यांनी मांडलं. उठल्यावरचा तो पहिला मिनिटभर मात्र कठीण असतो. तेव्हा पटकन उठून काम करण्यापेक्षा पाच मिनिटं बसा, स्वप्नातलं जे आठवतं ते वहीत लिहा आणि मग तोंड धुवा. दिवसभर झोपून राहून ते स्वप्न पुन्हा मिळवण्याची धडपड सुरू झाली, तर मात्र त्याबद्दल कुणाशी तरी बोला.

रडण्याचा आवाज जागेपणी ऐकू येतो. पोटात लाथ बसल्यासारखंही होतं. हे वेड तर नाही?

डोळा लागताना किंवा उघडताना आवाज ऐकू येणं, कुणी हाक मारल्यासारखं वाटणं, हे धडधाकट माणसांनाही होतं. झोप आणि जाग यांच्या सीमेवर स्वप्नाचे तुकडे बाहेर सांडतात. पंख्याची कुरकुर, मांजराचं ओरडणं यांचंही रडणं होतं. पोटातल्या लाथांचा भास बाळंतपणानंतर कित्येक महिने, कधी वर्षांनीही होतो. आतड्यांची हालचाल, पोटाच्या स्नायूंचं फडफडणं आणि त्या स्पर्शाची ओळख, यांतून तो होत असावा. जिवंत बाळांच्या आयाही हा भास सांगतात, पण त्यांना तो गमतीचा वाटतो.

काळजीचं चित्र वेगळं असतं. भरदिवसा, पूर्ण जागं असताना आवाज येतात, ते आज्ञा करतात. बाळ जिवंत आहे, दवाखान्याने लपवलंय अशी ठाम खात्री होते. दोन-तीन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं भरकटतं, माणूस घटकेत हसतं, घटकेत संतापतं. याला बाळंतपणानंतरचा मनोविकार म्हणतात. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो आणि मृत बाळाच्या जन्मानंतरही होऊ शकतो. ही तातडीची वेळ असते. सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्यायचं. बाईला एकटं ठेवायचं नाही.

माझं आठव्या आठवड्यातच गेलं. सगळे म्हणतात, "अजून काही होतंच कुठे." तरी स्वप्नं का?

स्वप्नं आठवडे मोजत नाहीत. टेस्टवर दुसरी रेघ दिसली त्या दिवसापासून तुम्ही हिशेब मांडायला लागला असाल. कोणत्या महिन्यात येईल, खोली कुठली, नाव काय. लवकर झालेल्या गर्भपातानंतर बाळाऐवजी रक्ताची, संडासात काहीतरी वाहून गेल्याची स्वप्नं जास्त सांगितली जातात, कारण प्रत्यक्षात घरी, न्हाणीघरात तेच पाहिलेलं असतं. वर सांगितलेली स्वप्न बदलण्याची पद्धत इथेही चालते.

मला आधीच स्वप्न पडलं होतं. पाण्यात बाळ हातातून सुटलं होतं. मी तेव्हाच दवाखान्यात गेले असते तर?

गरोदरपणात बाळाला इजा झाल्याची, ते हरवल्याची, पाण्यात पडल्याची स्वप्नं अनेक जणींना पडतात, आणि त्यांतल्या बहुतेकींची बाळं सुखरूप जन्मतात. सगळं ठीक झालं की ती स्वप्नं विसरली जातात. ज्यांचं बाळ जातं, त्यांची आठवण मागे जाऊन नेमकं तेच स्वप्न उचलते. स्वप्नावरून डॉक्टरलाही काही ठरवता आलं नसतं. बाळ का गेलं याचा शोध घ्यायचा तर तो वारेच्या तपासणीत, रक्ताच्या अहवालांत घ्या. ते अहवाल मागून घ्या आणि डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. कितीतरी घरांत ते दवाखान्यातच राहून जातात.

सासूबाई म्हणतात, बाहेरची बाधा आहे, उतारा करू. आई म्हणते, तेच बाळ परत येणार म्हणून दिसतं. कुणाचं ऐकू?

लिंबू-मिरची ओवाळल्याने कुणाचं बिघडत नाही. तुम्हाला त्याने धीर येत असेल तर मी अडवणार नाही. मी अडवते ते दोन ठिकाणी. बाईला मारणं, उपाशी ठेवणं, धुरी देणं सुरू झालं तर. आणि उताऱ्यापायी चालू औषध बंद केलं तर. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा त्यात गुन्हा आहे.

"तेच परत येणार" हे ऐकून काहींना बरं वाटतं. काहींवर मात्र त्याचा दबाव येतो, लवकर दिवस जायला हवेत असा. तसं होत असेल तर आईला सरळ सांगा, "आई, सध्या हे नको बोलूस." एक गोष्ट मी सासवांविषयी आवर्जून सांगते. ज्या सासूचं स्वतःचं मूल तीस-चाळीस वर्षांपूर्वी गेलेलं असतं, तिला सुनेचं बाळ गेल्यावर पुन्हा स्वप्नं पडू लागतात, आणि ती ते बाधेच्या भाषेत बोलते. तिला एकदा विचारून बघा, "तुमचं कसं झालं होतं?"

नवऱ्याला काहीच होत नाही का? तो तर गाढ झोपतो.

तो झोपतो की भिंतीकडे तोंड करून पडतो, हे एकदा बघा. पुरुषांकडून मी जी स्वप्नं ऐकते, त्यांत बाळ कमी आणि काम जास्त असतं. खड्डा खणला जात नाही, फावडं तुटतं, कागदावर सही करायची तर पेन चालत नाही. गुंडाळलेल्या बाळाचं वजन हातांना आठवतं, असं एकाने सांगितलं होतं. "तुला काही होत नाही का?" असा प्रश्न तक्रारीसारखा लागतो. "त्या दिवशी तू काय काय केलंस?" असं विचारलं तर तो बोलतो. दारू घेऊन झोपणाऱ्यांसाठी एक माहिती: दारू रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नं दाबते आणि पहाटेकडे ती दुप्पट जोराने उसळतात.

काही दिवस बरे जातात आणि मग एकदम सगळं परत येतं. असं कधी होतं?

मूळ बाळंतपणाची तारीख, बाळ गेलं ती तारीख, पहिली पाळी, जावेचं किंवा मैत्रिणीचं डोहाळजेवण. नागपुरात यात पोळ्याचे दोन दिवस धरा. पोळ्याच्या दिवशीच पिठोरी अमावास्या असते. काही घरांत आया मुलांसाठी तो उपवास करतात, आणि त्याची कथाच मुळी दर वर्षी मूल दगावणाऱ्या सुनेची आहे. दुसऱ्या दिवशी एकीकडे मारबत निघते आणि दुसरीकडे तान्हा पोळा. गल्लीतली लेकरं नटून, लाकडी नंदी ओढत दारोदार येतात. त्या रात्री पाच-सात वर्षांचं आपलं मूल नंदी घेऊन येताना दिसलं, असं मला एकीपेक्षा जास्त जणींनी सांगितलं आहे. बाळ स्वप्नात मोठं झालेलं दिसणंही नेहमीचंच. त्या दिवशी दार कुणी उघडायचं, बोजारा कुणी द्यायचा, हे आधी ठरवा. माहेरी जाणं सोयीचं असेल तर जा.

फोनकडेही बघा. गरोदरपणाचं ॲप बाळ या आठवड्यात केवढं झालं ते सांगत राहतं. ते काढून टाका. 'किलकारी' या सरकारी सेवेत नंबर नोंदलेला असेल तर मूल वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोन येऊ शकतो. आशाताईंना सांगून नोंद बदलून घ्या, आणि हे काम नवऱ्याने किंवा बहिणीने करावं.

पुन्हा दिवस गेलेत. जुनी स्वप्नं परत सुरू झाली. बाळाला काही होईल का?

स्वप्नाने बाळाला काही होत नाही. मागच्या वेळी बाळ ज्या आठवड्यात गेलं, त्याच्या आसपास ती वाढतात. हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवसांत एखादी जास्तीची तपासणी ठेवता येते. पहाटे स्वप्नातून उठल्यावर बाळ हलत नाही असं वाटलं, तर डाव्या कुशीवर शांत पडून लक्ष द्या. हालचाल खरोखर कमी वाटली तर स्वप्नामुळे वाटत असेल असं म्हणून थांबू नका. वेळ कोणतीही असो, तपासायला जा.

मदत कधी घ्यायची आणि नागपुरात कुठे?

तेच स्वप्न महिनाभरानंतरही आठवड्यात अनेकदा पडत असेल. त्या भीतीने तुम्ही झोपच टाळत असाल. दिवसाही तो प्रसंग डोळ्यांसमोर परत घडत असेल. दवाखान्याचा रस्ता टाळावा लागत असेल, तर जा. बाळाकडे जावंसं वाटतं, मरावंसं वाटतं, असं मनात येत असेल तर महिना मोजू नका, त्याच दिवशी सांगा. स्वप्नात बाळ बोलावतंय आणि जावंसं वाटतंय, हेही त्यातच आलं.

मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मनोविकार विभागाची ओपीडी आहे. मानकापूरकडे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जायची लाज वाटत असेल तर मेडिकल किंवा मेयोत जा. डागा दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर फेरतपासणीच्या दिवशी तिथल्याच डॉक्टरांना झोपेबद्दल सांगा आणि पुढे चिठ्ठी मागा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पहाटे पावणेचारलाही लावता येतो.

जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: बाळ कधी आणि कितव्या आठवड्यात गेलं, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, आठवड्यात किती रात्री स्वप्न पडतं, आणि स्वप्न दोन-तीन ओळींत. "झोप येत नाही" एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी मिळून तुम्ही परत याल.